मीटिंग पुढे गेली, आता विमान हलवायचंय: ट्रॅव्हल डेस्कला मेल कसा लिहावा

"नमस्कार मॅडम, क्लायंटची मीटिंग पुढे गेली आहे. माझं गोव्याचं तिकीट शुक्रवारचं करून द्यावं ही विनंती."

वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क मी काही वर्षं सांभाळला. असा मेल आठवड्यातून दोन-तीनदा तरी यायचा. भाषा नम्र, चूक काहीच नाही, पण त्यावर काम करता येत नाही. जायचं तिकीट हलवायचं की यायचं? की दोन्ही? शुक्रवार हा की पुढचा? मीटिंग किती वाजता, म्हणजे विमान किती वाजेपर्यंत उतरायला हवं? आणि गोवा म्हणजे दाबोळी की मोपा? हे सगळं विचारणारा उलटा मेल मी पाठवायचे. साहेब तोवर प्लांटमध्ये शिरलेले, फोन लॉकरमध्ये. उत्तर यायचं चार वाजता. सकाळी पडद्यावर दिसणारं भाडं तोवर गेलेलं असायचं, आणि कधीकधी ते विमानही भरलेलं असायचं.

म्हणून नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. डेस्कवर बसलेल्या माणसाने एकदा वाचून थेट बुकिंगची खिडकी उघडावी, तुम्हाला एकही प्रश्न विचारायची गरज पडू नये, असा मेल हवा. गोव्यात राहणाऱ्यांना यात एक जास्तीचा फास आहे, तो दोन विमानतळांचा. त्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

मेल लिहायच्या आधी

क्लायंटचा फोन आला की लगेच मेल लिहायला बसू नका. आधी त्यांच्याकडून लेखी वेळ मागा. दोन ओळींचा मेल किंवा कॅलेंडरचं नवं आमंत्रण पुरतं. "बहुतेक शुक्रवारी बसू" यावर तिकीट हलवलं आणि शुक्रवारचा सोमवार झाला, तर बदलाचा आकार दुसऱ्यांदा भरावा लागतो. हा आकार दर बदलाला, दर प्रवाशामागे आणि दर फेरीला वेगळा लागतो. म्हणजे जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं दोनदा हलवली तर चार आकार झाले.

पण लेखी वेळ येईपर्यंत डेस्कला अंधारात ठेवायचं असंही नाही. "मीटिंग हलण्याची शक्यता आहे, दुपारपर्यंत नक्की कळवते, तोवर काही बदलू नका" एवढी आगाऊ कल्पना देऊन ठेवली की डेस्क निदान तुमचं वेब चेक-इन करून मोकळा होत नाही. हे का महत्त्वाचं? बहुतेक विमान कंपन्यांचं देशांतर्गत वेब चेक-इन 48 तास आधी उघडतं, आणि काही डेस्क ते उघडल्या उघडल्या उरकून टाकतात. एकदा चेक-इन झालं की ते रद्द केल्याशिवाय तिकिटात बदल होत नाही. तुम्ही स्वतः फोनवरून चेक-इन केलं असेल तर मेलमध्ये तसं लिहा. नाहीतर डेस्कवरचा माणूस "बदल करता येत नाही" असा लाल अक्षरांतला संदेश बघत अर्धा तास घालवतो.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. तिकिटाच्या बऱ्याच भाड्यांत बदलाचे दोन दर असतात: उड्डाणाला जास्त दिवस असतील तर कमी, शेवटच्या तीन दिवसांत जास्त. तुमचं विमान त्या रेघेच्या जवळ असेल, तर मेल आज दुपारी जातो की उद्या सकाळी, यावर पैसे अवलंबून असतात. ही रेघ नेमकी कुठे आहे ते तिकिटाखालच्या बारीक अक्षरांत असतं. कंपनीच्या कॉर्पोरेट भाड्यावर हा आकार बहुधा बराच कमी असतो, म्हणून इंटरनेटवर दिसणारा दर बघून आधीच घाबरू नका.

वेळ उलटी मोजा

आता एक खरंच घडेल असं उदाहरण घेऊ. मडगावला राहणारी एक सर्व्हिस इंजिनिअर आहे, नोकरीला लागून तीन महिने झालेत. हैदराबादला जिनोम व्हॅलीतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग लाइनची चाचणी दाखवायची आहे. मूळ बेत असा होता: बुधवार 11 मार्चला संध्याकाळी 6:40 ला दाबोळीहून हैदराबाद, रात्री हॉटेल, गुरुवार 12 मार्चला सकाळी 11 ला मीटिंग, त्याच रात्री परत दाबोळी. सोमवारी 9 तारखेला सकाळी क्लायंटचा फोन आला आणि पावणेबाराला मेल: मीटिंग शुक्रवार 13 मार्च, दुपारी 3 ते 5.

तिचा पहिला मसुदा "तिकीट दोन दिवस पुढे करा" असा होता. पण दोन दिवस पुढे म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी 6:40 ला निघणं. तोवर मीटिंग संपलेली असेल. मूळ मीटिंग सकाळची होती, आता ती दुपारची आहे. तारीख बदलली की वेळेचा हिशोबही नव्याने मांडावा लागतो, आणि तो मीटिंगपासून मागे मोजत यायचा.

जिनोम व्हॅली हैदराबादच्या उत्तरेला, शामीरपेटच्या बाजूला. विमानतळ दक्षिणेला, शमशाबादला. मध्ये अख्खं शहर. आउटर रिंग रोडने गेलं तरी दीड तास धरावा. तिच्याजवळ हत्यारांची बॅग आहे. पाने-स्क्रूड्रायव्हर केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, म्हणजे ती बॅग खाली द्यावी लागणार आणि उतरल्यावर पट्ट्यावरून घ्यावी लागणार, अर्धा तास त्यात गेला. तीनच्या मीटिंगला अडीचला गेटवर पोचायचं असेल, तर विमान साडेबारापर्यंत उतरायला हवं. गोवा ते हैदराबाद हवेत साधारण सव्वा तास लागतो. म्हणजे गोव्याहून अकराच्या आत सुटणारं विमान हवं.

परतीचंही तसंच. मीटिंग पाचला संपेल असं कागदावर आहे, पण लाइन चालू करून दाखवायची म्हटल्यावर सहा वाजतात. सहाला निघून साडेसातला विमानतळ. देशांतर्गत विमानाचा काउंटर उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतो, आणि बॅग द्यायची असल्यामुळे तिला काउंटर टाळता येत नाही. म्हणजे परतीचं विमान रात्री साडेआठच्या आत नको.

एवढं मोजल्यावर मेलमध्ये विमानाचा नंबर लिहायचीही गरज राहत नाही. "साडेबारापर्यंत उतरणारं" आणि "साडेआठनंतर सुटणारं" या दोन मर्यादा डेस्कला पुरतात, आणि त्या मर्यादेत जे स्वस्त असेल ते तो शोधतो. तुम्ही एकच विमान मागितलं आणि ते भरलेलं निघालं, तर पुन्हा मेलामेली सुरू.

दाबोळी की मोपा

5 जानेवारी 2023 पासून मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि तेव्हापासून "गोव्याचं तिकीट" या शब्दांना अर्थ उरला नाही. दाबोळीचा कोड GOI, मोप्याचा GOX. पोर्टलवर "गोवा" टाकलं की दोन्ही एकाखाली एक येतात. एखाद्या तिकिटावर नॉर्थ गोवा असतं, एखाद्यावर मनोहर, एखाद्यावर मोपा. डेस्क पुण्यात किंवा बंगळुरूत असेल तर तिथल्या माणसाला यातला फरक ठाऊक असेल असं धरून चालू नका. त्याच्या पडद्यावर एक विमान दुसऱ्यापेक्षा सातशे रुपयांनी स्वस्त दिसतं, आणि तो ते घेतो. त्यात त्याचा दोष नाही.

आपल्याला मात्र त्या सातशे रुपयांचा हिशोब वेगळा लागतो. मडगावहून दाबोळी पंचवीसेक किलोमीटर. मडगावहून मोपा साठ-पासष्ट, म्हणजे पणजी, पर्वरी, म्हापसा ओलांडून थेट पेडण्यात. म्हापसा, पेडणे, डिचोलीच्या माणसाला नेमकं उलट: त्याला मोपा जवळ आणि दाबोळी म्हणजे जुवारी पूल उतरून वास्कोची वाट. पणजीकराला दोन्हींत फार फरक नाही, दाबोळी थोडं जवळ एवढंच. रात्री अकराला उतरल्यावर टॅक्सीचं भाडं द्यायची वेळ आली की विमानात वाचवलेले पैसे तिथेच संपतात, आणि ते बिलही शेवटी कंपनीलाच जातं. हे मेलमध्ये एका ओळीत लिहिलं तर डेस्क ते लक्षात घेतो. न लिहिता मनात धरलं तर त्याला कळणार कसं?

खरी फजिती होते ती जाणं एका विमानतळावरून आणि येणं दुसऱ्यावर असं झालं की. आमच्याकडे एका सहकाऱ्याचं परतीचं तिकीट असंच ऐनवेळी बदललं. बदल मीच केला होता, म्हणून सांगते. त्याच्या मेलमध्ये "रिटर्न शनिवारी सकाळचं करा, गोवा" एवढंच होतं. मोप्याचं विमान वेळेला सोयीचं होतं, ते मी घेतलं. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला तो मोप्याच्या गेटवरून. त्याची गाडी तीन दिवसांपासून दाबोळीच्या पार्किंगमध्ये उभी होती, चावी खिशात आणि गाडी साठेक किलोमीटरवर. तो काही बोलला नाही, नुसता हसला. त्या दिवसापासून मी प्रत्येक बदलाच्या मेलवर एकच प्रश्न आधी विचारू लागले: गाडी कुठे लावली आहे?

तेव्हा मेलमध्ये विमानतळ नावाने आणि कोडने, दोन्ही लिहा. "दाबोळी (GOI)". आणि सोबत एक अट घाला: प्रवास अजून सुरू व्हायचा असेल, तर जाणं-येणं एकाच विमानतळावरून, मग तो कोणताही चालेल की एकच चालेल ते सांगा. प्रवास अर्धा झाला असेल आणि गाडी पार्किंगमध्ये असेल, तर परतीचा विमानतळ बदलू नये असं स्पष्ट लिहा.

एक बारीक गोष्ट डेस्कवर बसल्यामुळे कळली. दाबोळी हा नौदलाच्या आयएनएस हंसा तळाचा भाग आहे. तिथे कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असल्याने नागरी विमानांवर मर्यादा येते. त्यामुळे मधल्या सकाळचं विमान मागितलंत तर बहुधा मोप्याचंच समोर येईल. दाबोळीच हवं असेल तर पहाटेचं किंवा दुपारनंतरचं मागायची तयारी ठेवा.

आता मेल

विषयाची ओळ डेस्कवरच्या माणसाला गर्दीत सापडली पाहिजे. "तातडीचे" हा शब्द सगळेच लिहितात, त्याचा उपयोग राहिलेला नाही. त्यापेक्षा पीएनआर आणि जुनी तारीख लिहा. पीएनआर म्हणजे तिकिटावरचा सहा अक्षर-अंकांचा कोड, डेस्क तोच टाइप करून तुमचं बुकिंग उघडतो. तो विषयातच असला की त्याला जुनं तिकीट शोधत मेल चाळावे लागत नाहीत. जुनी तारीख यासाठी, की किती वेळ हातात आहे ते एका नजरेत कळतं.

त्या इंजिनिअरने शेवटी पाठवलेला मेल असा होता. तुमच्या कंपनीत मेल इंग्रजीत चालत असतील तर भाषा बदला, क्रम हाच ठेवा.

> विषय: तिकीट बदल, पीएनआर K7QX4M, मूळ प्रवास बुध. 11 मार्च, GOI–हैदराबाद–GOI
>
> नमस्कार मॅडम,
>
> हैदराबादच्या क्लायंटने मीटिंग गुरुवार 12 मार्चवरून शुक्रवार 13 मार्च, दुपारी 3 ते 5 अशी बदलली आहे. त्यांचा मेल खाली जोडला आहे. त्यामुळे माझं जाण्याचं आणि परतीचं, दोन्ही तिकिटं बदलावी लागतील.
>
> जाणं: आत्ता बुधवार 11 मार्च, सायं. 6:40, दाबोळी (GOI). त्याऐवजी शुक्रवार 13 मार्चला सकाळी, हैदराबादला दुपारी 12:30 पर्यंत उतरणारं. तसं विमान नसेल तर गुरुवार 12 मार्च संध्याकाळचं.
>
> परत: आत्ता गुरुवार 12 मार्च रात्री. त्याऐवजी शुक्रवार 13 मार्च, रात्री 8:30 नंतर सुटणारं. तसं नसेल तर शनिवार 14 मार्च सकाळचं.
>
> विमानतळ: मी मडगावहून गाडीने जाते आणि गाडी विमानतळावर ठेवते, म्हणून जाणं-येणं एकाच विमानतळावरून हवं. शक्यतो दाबोळी (GOI). मोपा (GOX) घ्यावं लागलं तर दोन्ही बाजूंनी मोपाच घ्यावं.
>
> हॉटेल: बुधवार 11 ची रात्र रद्द करावी. गुरुवारी जावं लागलं तर 12 ची आणि शनिवारी परत यावं लागलं तर 13 ची रात्र लागेल.
>
> बॅगेज: हत्यारांची बॅग 20 किलोची आहे. मूळ तिकिटावर जादा 5 किलो घेतलेले आहेत, ते नव्या तिकिटावर यावेत. वेब चेक-इन केलेलं नाही.
>
> खर्च: सरांनी दोन्ही तिकिटं मिळून जादा 10,000 रुपयांपर्यंत मंजुरी दिली आहे, ते सीसीमध्ये आहेत. त्याहून जास्त होत असेल तर बदल करण्याआधी कृपया कळवावं. बदलापेक्षा रद्द करून नवीन काढणं स्वस्त पडत असेल तर तसं केलं तरी चालेल.
>
> मी आज दुपारी 1 ते 2 प्लांटमध्ये आहे, बाकी वेळ फोनवर आहे.
>
> आपली,
> (नाव, एम्प्लॉयी कोड, प्रोजेक्ट कोड, फोन)

वाचायला मिनिटभर लागतं. यात मीटिंग का हलली, क्लायंट कसा वेळ पाळत नाही, आपल्याला किती मनस्ताप झाला, यातलं काही नाही. माफीही नाही. मीटिंग तुमच्यामुळे हलली नाही आणि डेस्कचं कामच हे आहे. नवी मुलं चार ओळी माफीत घालवतात आणि तारीख पाचव्या ओळीत येते.

वार आणि तारीख दोन्ही लिहिलेत, हे बघा. "पुढचा शुक्रवार" म्हणजे काही जणांना हा आणि काहींना पुढच्या आठवड्यातला. वार-तारीख जुळत नसेल तर डेस्क लगेच थांबतो आणि विचारतो, म्हणजे तुमचीच चूक पकडली जाते. मध्यरात्रीनंतरच्या विमानाला तर हे हवंच. शुक्रवारी रात्री 12:40 चं विमान म्हणजे तारखेने शनिवार, आणि या घोळात मी माणसं एक दिवस उशिरा विमानतळावर गेलेली पाहिली आहेत.

परतीचं तिकीट वेगळं लिहायला विसरू नका. फक्त जाण्याचं हलवा म्हटलं तर डेस्क तेवढंच हलवेल, आणि या उदाहरणात ती हैदराबादला पोचायच्या आदल्या रात्रीच तिचं परतीचं विमान उडून गेलं असतं.

पैशांचा हिशोब

मेलमधल्या खर्चाच्या भागातली शेवटची ओळ, "रद्द करून नवीन काढणं स्वस्त पडत असेल तर", ही डेस्कला दिलेली मोकळीक आहे. तिचा अर्थ आकड्यांत बघू. आकडे समजुतीसाठी आहेत. जुनं तिकीट 4,600 रुपयांचं. बदलाचा आकार 3,000, रद्द करण्याचा आकार 3,500.

नव्या विमानाचं आजचं भाडं 6,400 असेल, तर बदलायला 3,000 आकार आणि भाड्यातला फरक 1,800, असे 4,800 लागतील. रद्द केलं तर 4,600 मधून 3,500 जाऊन 1,100 परत मिळतील आणि नवीन 6,400 चं घ्यावं लागेल, म्हणजे खिशातून 5,300. इथे बदल स्वस्त. पण नवं विमान 4,000 चं असेल तर? बदलाला आकार 3,000 लागतोच, आणि भाडं कमी आहे म्हणून उरलेले 600 बहुधा कोणी परत देत नाही. रद्द करून नवीन घेतलं तर 4,000 मधून 1,100 वजा, 2,900. इथे रद्द करणं शंभर रुपयांनी बरं. शिवाय दुसऱ्या विमान कंपनीचं विमान घ्यायचं असेल तर बदल हा प्रकारच नाही, रद्द करून नवीनच काढावं लागतं. ही मोकळीक मेलमध्ये नसेल तर डेस्क सहसा नुसता बदल करून मोकळा होतो, कारण रद्द करायला त्याला वेगळी परवानगी लागते.

मंजुरीची रक्कमही त्यासाठीच लिहायची. पोर्टलवरचं भाडं तुमच्या साहेबांच्या "ओके"साठी थांबत नाही. मर्यादा आधीच दिली असेल तर डेस्क त्या आत असलेलं तिकीट तिथल्या तिथे काढतो.

उत्तर आल्यावर

मेल पाठवल्यावर पाच-दहा मिनिटांनी एक फोन करा. गोष्ट पुन्हा सांगायला नाही, फक्त "मेल पाठवला आहे, परवाचं विमान आहे" एवढं सांगायला. तिच्या बाबतीत डेस्कने अर्ध्या तासात दोन पर्याय पाठवले: शुक्रवारी सकाळी दोन्हीकडून मोपा, किंवा गुरुवारी संध्याकाळी जाऊन शुक्रवारी रात्री परत, दोन्ही दाबोळी, वर एका रात्रीचं हॉटेल. तिने "पर्याय 2 करा" असं तीन शब्दांचं उत्तर दिलं. पर्याय आले की असंच उत्तर द्यावं. "दोन्ही बरे वाटतात, तुम्हाला काय वाटतं?" असं लिहून डेस्कला विचारात पाडू नये, तोवर भाडं सरकतं.

नवं तिकीट आलं की उघडून बघायचं, नुसतं फोल्डरमध्ये टाकायचं नाही. तारीख, वार, आणि GOI आहे की GOX हे आधी. मग जादा बॅगेज. बदलात सीट, जेवण, जादा वजन या गोष्टी कधी नव्या तिकिटावर येतात, कधी गळतात, आणि गळल्या तर काउंटरवर वजनाचे पैसे चढ्या दराने भरावे लागतात. तिचे 5 किलो गळले होते. तिने लगेच मेल केला आणि ते त्याच दिवशी टाकून मिळाले. जुनं तिकीट फोनमधून पुसून टाका, नाहीतर घाईत गेटवर तेच उघडतं. हैदराबादचं हॉटेल आणि तिथली गाडी डेस्कने बुक केली असेल तर त्यांच्याही नव्या वेळा मागून घ्या. तिकीट हलतं आणि गाडीवाला जुन्याच दिवशी विमानतळावर उभा राहतो, हे आमच्याकडे अनेकदा झालं आहे.

डेस्क बंद असेल तेव्हा

मीटिंग रात्री नऊला हलली आणि विमान पहाटेचं, असंही होतं. डेस्क बंद, मेल वाचणारा कोणी नाही. कंपनीचं तिकीट बहुधा एजन्सीमार्फत काढलेलं असतं, त्यामुळे विमान कंपनीला फोन केला तर "तुमच्या एजंटशी बोला" हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. एजन्सीचा रात्रीचा नंबर बहुतेक कंपन्यांकडे असतो, तो आजच डेस्ककडून घेऊन फोनमध्ये ठेवा.

तोही लागला नाही, तर विमान कंपनीच्या अ‍ॅपवर पीएनआर टाकून बघा. कित्येकदा बदल होत नसला तरी रद्द करता येतं, पण उड्डाणाच्या ठरावीक तास आधीपर्यंतच. विमान नुसतं चुकवलं तर ते नो-शो धरलं जातं. मग करांची आणि विमानतळ शुल्काची रक्कमच परत मागता येते, मूळ भाडं जातं. शिवाय काही कंपन्यांत त्याच पीएनआरवरचं परतीचं तिकीटही आपोआप रद्द होतं. म्हणून मीटिंग हलली हे नक्की असेल आणि बदल होतच नसेल, तर झोपण्याआधी साहेबांना मेसेज करून रद्द करा.

नवीन तिकीट स्वतःच्या कार्डावर काढावं लागलं, तर बुकिंग करताना जीएसटीच्या रकान्यात कंपनीचा जीएसटी नंबर टाका. तो राहिला तर बिल तुमच्या नावावर निघतं, कंपनीला त्या कराची वजावट घेता येत नाही, आणि अकाउंट्सवाले तुमचं बिल दोन महिने फिरवत ठेवतात. मी डेस्कवर आले त्याच वर्षी भिंतीला तो नंबर चिकटवला होता. तुम्ही तो फोनच्या नोट्समध्ये ठेवा, एजन्सीच्या रात्रीच्या नंबरच्या खालीच.